भावाचा मलेरिया : जंतू पाव टक्का आणि हिमोग्लोबिन तीन ग्रॅमने कमी, हा हिशोब कसा लागतो?

वडाळ्याची_वैदेही

नमस्कार मंडळी, धागा जरा लांबणार आहे, आधीच सांगते. धाकटा भाऊ २६ वर्षांचा, परळला एका टॉवरच्या साईटवर इंजिनिअर आहे. गेल्याच्या गेल्या सोमवारी संध्याकाळी चारला अशी हुडहुडी भरली की दोन चादरी आणि वर आईची गोधडी घालूनपण दात वाजत होते. मग १०४ ताप, मग तीन तासांनी घामाने गादी ओली आणि त्यानंतर स्वारी चक्क उठून वरणभात मागतेय. आम्हाला वाटलं गेलं. मंगळवारी अकराला परत तेच. आठव्या दिवशी रक्त तपासलं, स्मिअरमध्ये व्हायवॅक्स मलेरिया निघाला.

आता प्रश्न. मे महिन्यात ऑफिसच्या मेडिकलमध्ये त्याचं हिमोग्लोबिन १३.४ होतं. आठव्या दिवशी ११.४, आणि ॲडमिट केल्यावर दुसऱ्या दिवशी १०.१. लॅबने लिहिलंय एका मायक्रोलिटरमध्ये बारा हजार जंतू, आणि तांबड्या पेशी ४६ लाख. मी अकाउंट्सची बाई, मला आकडे दिसले की भागाकार करायची खोड आहे. ४६ लाखांत बारा हजार म्हणजे जेमतेम पाव टक्का! पाव टक्का पेशींत जंतू असताना पाव हिस्सा रक्त कुठे गेलं? सोनोग्राफीत प्लीहा १४.२ सेंमी, बिलिरुबिन २.१, प्लेटलेट ६२ हजार. डॉक्टर राऊंडला येतात तेव्हा "होतं असं मलेरियात" म्हणून पुढच्या बेडकडे जातात. त्यांचीही चूक नाही, वॉर्ड भरलाय. पण कुठे आतून रक्तस्राव वगैरे तर नसेल ना, ही भीती आईच्या डोक्यातून जात नाहीये.

दादरचा_दादा

सोप्पंय वैदेहीताई. मलेरियाचा जंतू लाल पेशीत घुसतो, आतलं हिमोग्लोबिन खातो, त्याची पिल्लं होतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. पेशी फुटली की रक्त कमी. शाळेत होतं हे सगळं. पण मला दुसरीच शंका येतेय, व्हायवॅक्सचा ताप एक दिवसाआड येतो, तुम्ही म्हणताय रोज येतो. रोज म्हणजे मलेरियाची दुसरी जात, फाल्सिपेरम असणार, लॅब बदलून बघा.

आंबटगोड

प्लेटलेट ६२ हजार म्हणजे डेंगी पण आहे बरोबर. आमच्या शेजाऱ्यांचं असंच झालेलं. पपईच्या पानांचा रस द्या दिवसातून दोनदा, ४ दिवसांत दीड लाख होतात.

स्लाईडवाली

आंबटगोड, प्लेटलेट मलेरियातही सर्रास पडतात, व्हायवॅक्समध्येसुद्धा, आणि औषध सुरू झालं की बहुतेक वेळा आठवड्याभरात आपोआप वर येतात, पपई असो वा नसो. पावसाळ्यात डेंगीची टेस्ट करून घ्यायला हरकत नाही, दोन्ही एकदम झालेले लोक मी पाहिलेत. पण नुसत्या प्लेटलेटवरून डेंगी ठरत नाही.

वैदेही, मी पॅथॉलॉजीत आहे, पंचवीस वर्षं जेएसबीने रंगवलेल्या स्लाईडी बघतेय, त्यामुळे तुझा भागाकार बघून मजा वाटली. तुझा हिशोब बरोबर आहे. फुटलेल्या पेशींवरून तीन ग्रॅमचा खड्डा भरत नाही. दादा, तुम्ही सांगितलं ते खोटं नाही पण त्याने काम भागत नाही, बघा कसं. व्हायवॅक्सची एक खेप ४८ तासांची, म्हणजे आठ दिवसांत चार-पाच खेपा. उदार मनाने धरू की पहिल्या दिवसापासून प्रत्येक खेपेला पाव टक्का पेशी फुटल्या. पाच खेपांत झाले सव्वा टक्का. १३.४ चा सव्वा टक्का म्हणजे ०.१७ ग्रॅम. हे तर दोन मशीनमधल्या फरकात झाकून जाईल.

पण आधी तापाचं बोलू, कारण तिथेच दादा घसरलेत. वैदेही, तापाच्या वेळा लिहून ठेवल्या आहेस का?

वडाळ्याची_वैदेही

हो! मोबाईलमध्ये आहे. सोम दु. ४, मंगळ स. ११, बुध दु. ४.३०, गुरु स. ११.१५, शुक्र दु. ४, शनि स. १०.४५. रविवारी फॅमिली डॉक्टरांनी सहा-सहा तासांनी पॅरासिटामॉल द्यायला सांगितलं, तिथून पुढे सगळं गडबडलं.

स्लाईडवाली

यालाच म्हणतात नोंद! आता सोम-बुध-शुक्र वाच, दुपारी चारच्या आसपास. मंगळ-गुरु-शनि वाच, सकाळी अकराच्या आसपास. ही रोजची एक पाळी नाहीये, एक दिवसाआड येणाऱ्या दोन पाळ्या आहेत, एकमेकींच्या मध्ये बसलेल्या. भावाच्या रक्तात जंतूंच्या दोन तुकड्या आहेत, दोघींचं घड्याळ ४८ तासांचंच पण सुरुवात वेगवेगळ्या वेळी झालेली. कॅमिलो गॉल्जी नावाच्या इटालियन माणसाने १८८६ च्या सुमारास हेच मांडलं होतं, की ताप चढायची वेळ आणि पेशी फुटायची वेळ एक असते, आणि रोजचा ताप म्हणजे दोन तुकड्या असू शकतात.

जंतू पेशीत घुसतो तेव्हा स्लाईडवर अंगठीसारखा दिसतो, एक निळसर कडं आणि त्यावर लाल ठिपका. मग तो वाढतो, वेडावाकडा पसरतो, पेशी फुगून मोठी आणि फिकी होते. शेवटी त्याचे बारा ते चोवीस तुकडे पडतात आणि मध्ये तपकिरी रंगाचा गोळा साठतो. तो गोळा म्हणजे हिमोग्लोबिन खाऊन उरलेला कचरा. हिमोग्लोबिनमधलं हीम जंतूलाही विषारी, म्हणून तो त्याचे खडे करून ठेवतो. क्लोरोक्विन नेमकं हे खडे बनवणं अडवतं आणि जंतू स्वतःच्याच उष्ट्याने मरतो. आतली पिल्लं पेशीत आहेत तोपर्यंत माणसाला फारसं कळत नाही. पेशी फुटली की खडे आणि जंतूच्या पृष्ठभागावरचा माल रक्तात सांडतो, आपल्या पांढऱ्या पेशी खवळतात आणि मेंदूला निरोप जातो की तापमान वाढव. हुडहुडी म्हणजे मेंदूने थर्मोस्टॅट वर नेलाय आणि शरीर अजून तिथे पोचलेलं नाही. म्हणून १०२ अंग असूनही माणूस गोधडी मागतो.

दादा, फाल्सिपेरमचा ताप तर पुष्कळदा कसलीच पाळी पाळत नाही. आणि व्हायवॅक्समध्येही पहिले काही दिवस ताप कसाही येतो, सगळ्या तुकड्या एका ठेक्यात यायला वेळ लागतो. त्यामुळे तापाच्या वेळेवरून जात ओळखायची नसते, ती स्लाईडवरच ओळखायची.

दादरचा_दादा

मान्य. पण लॅबवाल्याने मिक्स इन्फेक्शन बघितलं असेल कशावरून?

स्लाईडवाली

हा प्रश्न रास्त आहे. रॅपिड कार्डावर दोन्ही जातींच्या रेघा वेगळ्या असतात, ते केलंय का विचारायचं. स्लाईडवर फाल्सिपेरमच्या बारीक अंगठ्या व्हायवॅक्सच्या गर्दीत चुकू शकतात, माझ्याही हातून चुकल्यात.

घाटावरचा_पाहुणा

आमच्या आजोबांच्या पोटावर डाव्या बाजूला भाजल्याचे चार गोल डाग होते. लहानपणी पाणथरी झाली म्हणून तापल्या सळईने डागलेलं. तेव्हा गावात थंडीताप म्हणजे दर पावसाळ्याचा पाहुणा, पोरांचे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे. पाणथरी म्हणजेच हा प्लीहा हे मला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं, मला वाटायचं काहीतरी पोटातला गोळा असतो.

स्लाईडवाली

हो, पाणथरी म्हणजेच प्लीहा. इंग्रजांच्या काळात एखाद्या गावात मलेरिया किती हे मोजायला पोरांना रांगेत उभं करून बरगडीखाली पाणथरी हाताला लागते का तेच चाचपायचे आणि शेकडा किती ते लिहायचे. सूक्ष्मदर्शकाशिवाय होणारी मोजणी.

आणि वैदेही, तुझं हरवलेलं रक्तही इथेच आहे.

प्लीहेत रक्त एका जाळीतून गाळलं जातं. त्या जाळीतल्या फटी एक-दोन मायक्रॉनच्या आणि तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. म्हणजे विरारच्या लोकलमध्ये दारातून आत शिरताना आपण अंग चोरतो तसं प्रत्येक पेशीला अंग चोरूनच जावं लागतं. लवचिक असेल तर सुटते. ताठरलेली, म्हातारी किंवा अंगावर काही चिकटलेली असेल तर अडकते आणि तिथेच बसलेल्या भक्षक पेशी तिला गिळतात. मलेरियात या भक्षक पेशी खवळलेल्या असतात, संख्येनेही वाढतात, म्हणून प्लीहा सुजते. आणि त्या खवळलेल्या अवस्थेत त्यांची गाळणी इतकी कडक होते की ज्या पेशींत जंतू कधी गेलाच नाही अशा पेशीही त्या उचलतात. त्या पेशींचं कातडंही मलेरियात थोडं ताठर झालेलं असतं, त्यावर नको ते प्रोटीन चिकटलेलं असतं.

किती उचलतात याचा अंदाज जुन्या नोंदींवरून काढलाय. पेनिसिलिनच्या आधी मेंदूपर्यंत गेलेल्या सिफिलिसवर उपाय म्हणून लोकांना मुद्दाम मलेरिया देत, खरंच देत, आणि रोजची मोजणी ठेवत. त्या वह्यांवरून असा हिशोब निघाला की व्हायवॅक्समध्ये एक जंतूवाली पेशी जाते तेव्हा सुमारे ३४ निरोगी पेशी जातात. फाल्सिपेरममध्ये हाच आकडा आठच्या आसपास.

आता तुझा भागाकार परत कर. पहिल्या खेपांत जंतू कमीच असणार, तर आठ दिवसांत फुटलेल्या पेशींची बेरीज ०.६ टक्के धरू. एकामागे ३४ म्हणजे ३५ पट, झाले २१ टक्के. १३.४ चे २१ टक्के २.८ ग्रॅम. तुझ्या तीन ग्रॅमच्या जवळ आलो की नाही? पण हा आकडा सरासरीचा आहे, तुझ्या भावाला तोच लागू असेल असं छातीठोक मी सांगणार नाही.

वडाळ्याची_वैदेही

बापरे. म्हणजे एका गुन्हेगारासाठी अख्खी चाळ आत. हे आईला असंच सांगितलं, तिला लगेच कळलं :) बिलिरुबिन २.१ पण यातलंच का? शेजारच्या काकू कावीळ म्हणून मोकळ्या झाल्या.

स्लाईडवाली

पेशी मोडल्या की त्यातल्या हीमचं बिलिरुबिन होतं. रिपोर्टमध्ये इनडायरेक्ट जास्त आहे का बघ. तसं असेल तर ते पेशी मोडल्याचं, एवढ्यावरून लिव्हर बिघडलं म्हणता येत नाही. आतून रक्तस्राव असता तर नुसतं बिलिरुबिन वाढून थांबलं नसतं, काळी शी, वाढती नाडी, पोटात दुखणं असलं काही दिसलं असतं.

कुर्ला_ते_सीएसएमटी

मी नर्सिंगला आहे, एक मुद्दा राहतोय. ११.४ वरून एका रात्रीत १०.१ झालं ते सगळं पेशी मोडून झालेलं नसणार. आठ दिवस ताप, घाम, पाणी कमी, म्हणजे रक्त दाट झालेलं, तेव्हा ११.४ हे खोटं चांगलं दिसत होतं. मग सलाईनच्या बाटल्या लागल्या की पातळ झालं. किती लागल्या?

वडाळ्याची_वैदेही

तीन लागल्या रात्रीतून.

कुर्ला_ते_सीएसएमटी

मग झालं तर. आमच्याकडे पहिल्या दिवशीचं हिमोग्लोबिन बघून नातेवाईक खूश आणि दुसऱ्या दिवशीचं बघून आमच्यावर आरडाओरडा, दर पावसाळ्यात.

स्लाईडवाली

अगदी बरोबर, हे मी आधी म्हणायला हवं होतं. मग माझी २.८ ची जुळवाजुळव जरा जास्तच गोड बसली म्हणायची, कारण त्या तीन ग्रॅमपैकी थोडं पाण्याने आहे. आणखी एक वाटा हाडांतल्या मज्जेचा, जिथे नव्या पेशी तयार होतात. रोज जवळपास एक टक्का पेशी म्हातारपणाने जातातच आणि मज्जा तेवढ्याच नव्या पाठवते. मलेरियात मज्जा मंदावते. त्यात व्हायवॅक्स घुसतो तो फक्त कोवळ्या, नुकत्या बाहेर आलेल्या पेशींत. कोवळ्या पेशी रक्तात मुळात एक-दोन टक्केच, म्हणूनच व्हायवॅक्सचे जंतू स्लाईडवर सहसा दोन टक्क्यांपुढे जात नाहीत. लोक म्हणतात साधा मलेरिया. पण भरती होणाऱ्यांनाच दारात गाठतोय तो.

अजून एक, पाव टक्का हा आकडा बोटातल्या किंवा दंडातल्या रक्ताचा आहे. २०२१ मध्ये इंडोनेशियाच्या पापुआ भागातला अभ्यास छापून आला, अपघात वगैरे कारणांनी प्लीहा काढावी लागलेल्या लोकांचा. ताप नसलेले, धडधाकट दिसणारे लोक, आणि त्यांच्या प्लीहेत जिवंत व्हायवॅक्सचा साठा, अंगातल्या एकूण जंतूंच्या ९८ टक्क्यांहून जास्त तिथे. पण ती माणसं वर्षानुवर्षं मलेरियात राहिलेली होती. परळमध्ये पहिल्यांदा आजारी पडलेल्या पोराला ते किती लागू, हा वाद चालू आहे. खरं असेल तर आपला पाव टक्का म्हणजे दाराबाहेर दिसणाऱ्या चपला, घरात माणसं किती ते वेगळंच.

चिंटूची_आई

माझ्या आईच्या वेळी पण हिमोग्लोबिन पडलं होतं, पण बरं झाल्यावर! तिला फाल्सिपेरम होता, आर्टेसुनेटची इंजेक्शनं दिली, पाचव्या दिवशी घरी. बाराव्या दिवशी जिना चढताना धाप, लघवी चहासारखी. त्या हॉस्पिटलने डिस्चार्जच्या कागदावर परत रक्त तपासा असं एक ओळ लिहिलं असतं तर बरं झालं असतं. हे पण प्लीहेमुळेच का?

स्लाईडवाली

चिंटूची आई, वैदेहीच्या भावाला हे लागू नाही, पण सगळ्यांनी वाचावं असं आहे. आर्टेसुनेट जंतूला पेशीच्या आतच मारतं. मग प्लीहा कमालीचं काम करते, पेशी त्या फटीतून जाताना मेलेला जंतू चिमटून बाहेर काढते आणि पेशीला परत रक्तात सोडते, बी काढलेल्या जांभळासारखी. पण त्या पेशी फार दिवस टिकत नाहीत, एक-दोन आठवड्यांनी एकदम मोडतात. म्हणून आर्टेसुनेटच्या इंजेक्शननंतर महिनाभर दर आठवड्याला हिमोग्लोबिन बघायचं असतं.

व्हायवॅक्सवाल्यांची चहासारखी लघवी मात्र वेगळ्या कारणाने असू शकते. वैदेही, भावाला प्रायमाक्विन १४ दिवस दिलंय ना, लिव्हरमध्ये लपलेल्या जंतूंसाठी? त्याआधी जी-सिक्स-पीडी तपासलं का? ते एन्झाइम कमी असलेल्या माणसाच्या पेशी प्रायमाक्विनने मोडतात. आपल्याकडे पारशी समाजात हे प्रमाण जास्त आहे, पण इतरांतही असतं.

वडाळ्याची_वैदेही

फाईल बघितली. जी-सिक्स-पीडीचा सॅम्पल गेलाय, रिपोर्ट यायचाय आणि गोळी कालपासून चालू. उद्या सकाळी विचारते.

स्लाईडवाली

उद्या नाही, आत्ता सिस्टरांना विचार. आणि लघवीचा रंग बघत राहायला भावाला सांग, कोका-कोलासारखी झाली तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना बोलवायचं.

घाटावरचा_पाहुणा

घरी आला की पोटाला एरंडेल चोळून द्या, पाणथरी उतरते असं आमच्याकडे...

कुर्ला_ते_सीएसएमटी

अजिबात नको!! सुजलेली पाणथरी पातळ कातड्याच्या फुग्यासारखी असते. क्वचित पण फुटते, आणि व्हायवॅक्समध्येही फुटते. पोट चोळायचं नाही, क्रिकेट नाही, जिम नाही, साईटवर वजन उचलणं नाही आणि पीक अवरला लोकल तर नाहीच, एक कोपर पुरे. डाव्या बाजूला कळ येऊन डाव्या खांद्यात दुखायला लागलं, चक्कर आली, तर थेट कॅज्युअल्टी.

आंबटगोड

निदान लोहाच्या गोळ्या तरी चालू करा. त्यात तर वाद नाही ना?

स्लाईडवाली

आहे थोडा :) रक्त बाहेर सांडलेलं नाही, प्लीहेत मोडलंय, म्हणजे त्यातलं बहुतेक लोखंड अंगातच आहे. तापात शरीर ते लोखंड कुलपात ठेवतं, गोळी दिली तरी आतड्यातून नीट घेत नाही. लोखंडाचा साठा दाखवणारं फेरिटिनही या दिवसांत फुगलेलं येतं, त्यावरून काही ठरवू नये. मी तीन-चार आठवडे थांबून तपासा म्हणेन. आधीपासूनच कमतरता असलेल्या बायकांना मात्र बरेच डॉक्टर लवकर देतात, आणि ते चूक आहे असं मी म्हणणार नाही.

वडाळ्याची_वैदेही

अपडेट. जी-सिक्स-पीडी नॉर्मल आलं. मिक्स इन्फेक्शनचं विचारलं, कार्डावर फक्त व्हायवॅक्सची रेघ होती. क्लोरोक्विनचा तिसरा डोस झाला त्या रात्रीपासून ताप नाही. हिमोग्लोबिन मात्र अजून उतरलं, ९.७. आई परत घाबरली पण मीच तिला समजावलं की पाणथरी अजून शांत झाली नसेल. बरोबर ना?

स्लाईडवाली

बरोबर. जंतू गेले तरी काही दिवस ती उचलेगिरी चालूच राहते. आठवड्याने रेटिक काउंट, म्हणजे कोवळ्या पेशींची मोजणी, कर. तो चढला की मज्जा कामाला लागली. हिमोग्लोबिन त्याच्या मागून येईल.

वडाळ्याची_वैदेही

उपचारांच्या नवव्या दिवसाचा रिपोर्ट टाकतेय. रेटिक ४.२ टक्के, हिमोग्लोबिन १०.४, प्लेटलेट २ लाख १० हजार. आंबटगोड, रस दिला नव्हता बरं का.

आंबटगोड

दिला असता तर तीन लाख झाले असते.

दादरचा_दादा

वैदेहीताई, त्या साईटवर पाणी साठवायच्या टाक्या उघड्याच आहेत का? टाकीतलं स्वच्छ पाणीच लागतं त्या डासाला. नाहीतर भाऊ कामावर परत गेला की...

वडाळ्याची_वैदेही

तळघरात पाणी आहे, लिफ्टच्या खड्ड्यातही आहे. दोन मजूर गेल्या महिन्यात थंडीतापाने गावी गेले म्हणे, त्यांची स्लाईड कोणी काढली नाही.